पिवळ्या मुठीमागचा चेहरा

"पोरगी बोलत नाही, पण मशीनला बरोबर सांगते," सर फोनवर म्हणत होते.

त्यांच्या आणि माझ्या टेबलामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, छतापर्यंत न पोचणारं. सरांना वाटतं पलीकडे ऐकू जात नाही. माझ्या कानात हेडफोन होते, पण त्यात काही चालू नव्हतं. हेडफोन दिसले की लोक सहसा काही विचारत नाहीत, म्हणून मी ते लावून बसते.

"इंग्लिश मीडियमची आहे," सर पुढे म्हणाले. "तुम्ही फक्त फोटो पाठवा, मालक. रंग असा उडेल की बघत राहाल."

आमची जाहिरातीची कंपनी म्हणजे सात रस्त्याजवळच्या एका इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. सर, एक डिझायनर आणि मी. पूर्वी मी टॉवेलच्या कॅटलॉगला इंग्रजी मजकूर लिहायचे. मग शब्दांवरून चित्रं काढणारी साधनं आली. त्यांना सूचना इंग्रजीत द्यायची, तर ते काम आपोआप माझ्याकडे आलं. त्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. मला ते काम आवडतं. तिथे बोलावं लागत नाही. मराठी बोलताना मी अजूनही मध्येच अडते, चुकीचं लिंग वापरते, आणि कुणी हसलं की उरलेलं वाक्य गिळून टाकते.

फोनवर होते ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटचे मालक. त्यांना रंगपंचमीसाठी जाहिरात हवी होती. पांढरे टॉवेल, रंग खेळणारी माणसं आणि मागे पावडर रंगांचा मोठा उसळता ढग. रंगाची पिंपं भरलेल्या रंगगाड्या ज्या रस्त्याने जातात, तिथे बॅनर लागणार होते. "ढग दणदणीत पाहिजे आणि चेहरे स्वच्छ दिसले पाहिजेत," एवढीच त्यांची मागणी होती.

ऐकायला सोपी वाटते. पहिल्या दिवशी मी तेच जसंच्या तसं लिहिलं. रंगीत पावडरीचा प्रचंड दाट स्फोट, हसणारी माणसं, चेहरे स्पष्ट. चार चित्रं आली. दोन चित्रांत माणसं गुलाबी धुरात गाडली गेली होती, नुसते दात दिसत होते. उरलेल्या दोन चित्रांत चेहरे इतके धुतलेले होते की रंग मागे पडद्यासारखा टांगलाय असं वाटत होतं.

डिझायनर खुर्ची सरकवत माझ्यामागे आला. तो शास्त्रीनगरचा, मराठी उत्तम बोलतो, पण थट्टा करायची झाली की दख्खनी बोलीत शिरतो.

"क्या मॅडम, ये होली है की वीटभट्टी? इत्ता धुवाँ नक्को."

मी 'चेहऱ्यावर धूर नको' असं लिहिलं. धूर आणखी वाढला. मशीनला 'नको' फारसं कळत नाही. त्याने फक्त 'धूर' आणि 'चेहरा' हे दोन शब्द धरले आणि एकावर एक ठेवले. मग मी धूर हा शब्दच काढला आणि बारीक कोरडी पावडर असं लिहिलं. स्फोट काढला, कारण त्या शब्दाबरोबर काजळी आणि आगीचा रंग यायचा. सात रंग सांगितले की ते हवेत मिसळून मातकट व्हायचे, म्हणून तीनच ठेवले, गुलाबी, पिवळा आणि निळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खरी गोष्ट उमगली. ढग किती दाट, हा प्रश्नच अपुरा होता. कुठे किती दाट, हे सांगायला हवं होतं. मग मी चित्राचे तीन थर केले. माणसांच्या पाठीमागे ढग सगळ्यात दाट. दोन्ही बाजूंना मध्यम आणि कडेकडे विरत जाणारा. माणसांच्या पुढे जवळजवळ काही नाही, फक्त छातीच्या खाली उडणारे थोडे सुटे कण. चेहऱ्यांवर रंग हवाच, नाहीतर ती माणसं खेळायला आलेलीच वाटत नाहीत. पण तो बसलेला रंग, गालावर, भुवईवर, कानाच्या पाळीवर, केसांत. तरंगणारा नाही. उजेड मागून तिरका, म्हणजे पावडर पेटल्यासारखी दिसते, आणि पुढून दुसरा मऊ उजेड, म्हणजे चेहरे काळे पडत नाहीत. फोकस डोळ्यांवर पक्का.

ते चित्र आलं तेव्हा डिझायनर परत खुर्ची सरकवत आला. खिशातली चिक्की काढून माझ्या कीबोर्डजवळ ठेवली.

पण मालकांना ती माणसं आवडली नाहीत.

"ही कुठली माणसं?" ते ऑफिसात आले तेव्हा म्हणाले. जाड चष्म्याचे, साठीचे गृहस्थ. घरात तेलुगू बोलणारे, पण मराठी शुद्ध. "ही मुंबईची माणसं वाटतात. टॉवेल माझ्या लोकांनी विणलाय. माझे लोक घाला."

त्यांनी फोन पुढे केला. मागच्या रंगपंचमीला युनिटच्या पटांगणात काढलेला फोटो होता. कडुलिंबाच्या झाडाखाली पाच जण, सगळे रंगलेले. डाव्या टोकाला एक उंच माणूस, ज्याचा हात अजून हवेत होता. आणि मधोमध एक बाई. तिच्या खांद्यावर पांढरा टॉवेल होता, स्वच्छ, एक ठिपकाही नाही. तिच्या चेहऱ्यावरून मात्र पिवळ्या पावडरीचा एक जाड पट्टा गेला होता, कपाळाच्या एका कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत. एक डोळा दिसत होता आणि हसण्याचा अर्धा भाग.

"ही आमची चेकिंगवाली," मालक म्हणाले. मग थांबले. "होती. दिवाळीच्या आधी गेली. डेंग्यू झाला, चार दिवसांत गेली."

सर म्हणाले, "अरेरे."

"बावीस वर्षं होती माझ्याकडे. तिच्या हाताखालून डागाचा टॉवेल कधी बाहेर गेला नाही. रंगपंचमीला तर दारात उभी राहायची. रंगलेल्या माणसाला आत पाऊल ठेवू द्यायची नाही. कामगारांनाच काय, मलाही नाही." ते चष्मा काढून पुसू लागले. "बॅनरवर तिचा चेहरा मधोमध पाहिजे. स्पष्ट."

चेकिंगवाली म्हटल्यावर मी त्या बाईंना ओळखलं. म्हणजे चेहऱ्यावरून नव्हे. दोन वर्षांपूर्वी कॅटलॉगसाठी मी त्या युनिटला गेले होते. मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कळत नव्हतं. मी एका कोपऱ्यात वही धरून उभी होते, तेव्हा एका बाईने मला मनगटाला धरून टेबलाशी नेलं आणि माझा तळवा टॉवेलवर दाबला. "हात लावून बघ की. लिहून काय कळतंय?" असं काहीतरी ती माझ्या कानाशी ओरडली. तिचे हात मला लख्ख आठवतात. अंगठ्याचं नख मध्ये चिरलेलं, बोटाला खडूचा निळा डाग. विणीत चूक सापडली की ती त्या खडूने खूण करायची. चेहरा आठवत नाही. मी लोकांच्या चेहऱ्याकडे नीट बघत नाही, ती माझी जुनी सवय. त्या आठवड्यात मला त्या सवयीचा पहिल्यांदा राग आला.

दोन दिवसांनी फोटोतला उंच माणूस ऑफिसात आला. त्या बाईंचा नवरा. त्याच युनिटमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडले की ते लावून देणारा. गाव दुधनीकडचं, लहानपण मेंढरांमागे गेलेलं. सर बाहेर होते. आलेले काका दारातच चपला काढून उभे राहिले.

"या की, बसा," डिझायनर म्हणाला.

ते बसले नाहीत. माझ्या स्क्रीनवर तोच फोटो उघडा होता. त्याच्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमीच करताय न्हवं हे? मालक म्हणाले."

मी मान हलवली.

"ह्यो पिवळा काढता येतोय का?"

मी काही म्हणायच्या आत ते पुढे बोलले. "मीच मारला हुता. बारकी मूठ मारायची हुती, पर मालकानं फोन धरला आन् मला चेव आला. ती वरडली बी, आरं डोळ्यात जाईल. आन् मग हसली." त्यांनी फोटोत हवेत असलेल्या आपल्याच हाताकडे बोट केलं. "ह्यो बघा माजा हात."

"दुसरा फोटो नाही का, काका?" डिझायनरने विचारलं.

"हाय की, आधारवरला. त्यो बघून ती सोताच म्हणायची, ही कोण बाई? माज्या घरात कशी आली?" ते हसले, आणि हसता हसता तोंड फिरवलं. "लगनातला हाय, त्यात मान खाली. मोठ्यानं हसताना ह्यो एकच. आन् त्यावर मीच घाण करून ठेवली."

मूळ फोटो मालकांच्या जुन्या फोनबरोबर गेला होता. उरला होता तो एकमेकांना पाठवून पाठवून झिजलेला. मोठा केला की पिवळ्या पट्ट्यात नुसते चौकोन दिसायचे. खाली काहीच नव्हतं. पावडर पुसता येईल असं काकांना वाटत होतं, काचेवरची पुसतात तशी. हे मला त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, इंग्रजीत. ते मराठीत आणता आणता डिझायनर म्हणाला, "होईल काका. मॅडम करतील." आणि ते दोन्ही हात जोडून निघून गेले.

पुढचं काम मी तीन दिवस केलं.

ज्यांचे चेहरे मोकळे होते त्या चौघांचं सोपं होतं. फोटोवर एक झाकण आखायचं, ज्याला मास्क म्हणतात. झाकलेल्या भागाला मशीन हात लावत नाही, बाकीचं नव्याने रंगवतं. चौघांचे चेहरे मी केसांसकट झाकले, झाकणाची कड मऊ ठेवली, कारण ती कडक राहिली तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मग मागे दाट ढग, बाजूला मध्यम, पुढे सुटे कण. चेहरे तसेच राहिले, घामेजलेले, खरे. एकाच्या नाकावरचा फोडही राहिला.

मधल्या चेहऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. झाकला तर पिवळा पट्टा जसाच्या तसा राहणार. उघडा ठेवला तर मशीन तिथे स्वतःच्या मनाने चेहरा काढणार.

मी सरांना हे लिहून पाठवलं. बोलले नाही. पार्टिशनपलीकडून उत्तर आलं, "मग काढू दे की. कुणाला कळतंय?"

मी मशीनला सांगितलं, पंचेचाळीसच्या आसपासची स्त्री, सावळी, मोकळेपणाने हसणारी, गालावर बसलेला पिवळा रंग, चेहरा स्वच्छ. दिसणारा डोळा आणि अर्धं हसू झाकून ठेवलं, म्हणजे निदान तेवढं त्यांचं राहील. चार चेहरे आले. चार वेगळ्या बायका. चौघींना डोळा तोच. एक जरा फिल्मी होती, एक फार तरुण. तिसरीचं हसू त्या अर्ध्या हसण्याशी जुळत नव्हतं. चौथी बरोबर बसली. नाक सरळ, दात एका रांगेत, दोन्ही गाल सारखे. खूप आवडावी अशी बाई. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. दुकानात वस्तू निवडतात तसा मी एका मेलेल्या बाईचा चेहरा चारांतून निवडला होता.

डिझायनर जेवणाचा डबा घेऊन मागे उभा होता.

"आल्या की काकू," तो हळूच म्हणाला. त्या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"या त्या नाहीत," मी म्हणाले. पण इतकं हळू की त्याने विचारलं, "काय?" आणि मी म्हणाले, "काही नाही."

सरांनी चित्र मालकांना पाठवलं. मालकांचा फोन आला, तेव्हा सरांनी तो स्पीकरवर टाकला.  मालक म्हणाले, "माझ्या बायकोने बघितलं. ती रडली." सर माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते. मला वाटलं, बायको रडली म्हणजे चेहरा जुळला असेल. मशीनने योगायोगाने बरोबर काढलं असेल. असं कधी कधी होत असेल. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःला हेच सांगत होते. आईने विचारलं, "आज गप्प का?" मग स्वतःच म्हणाली, "रोजच असतेस म्हणा."

बॅनर छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही युनिटला गेलो. मालकांनी त्या चित्राची एक मोठी फ्रेम करून घेतली होती, बॅनरच्या आधी ती कामगारांसमोर लावायची म्हणून. दुपारची सुट्टी होती. माग थांबले की त्या शेडमध्ये एक वेगळीच शांतता होते, कान दुखतील अशी. सायकली आणि बाईक पटांगणात लिंबाखाली लावलेल्या. जवळच्या युनिटमधला खडखडाट भिंतीतून येत होता. चेकिंगच्या टेबलावर आता दुसरी मुलगी होती. खडूचा तुकडा तिच्या कानावर होता.

सर गाडीतून उतरताना मला म्हणाले, "तू काही बोलू नकोस हं. म्हणजे तू बोलत नाहीसच. मालक खूश आहेत, तो बिचारा खूश होईल. चार लोकांना बरं वाटतंय तर वाटू दे."

मला ते चूक वाटलं नाही. खरंच सांगते, तेव्हा मला सरांचं म्हणणं पटलं होतं. तरी पिशवीत मी मूळ फोटोची एक प्रत ठेवली होती, साध्या कागदावर छापलेली. का, ते मला सांगता आलं नसतं.

फ्रेमवर पांढरा टॉवेल टाकला होता. मालकांनी तो काढला. टाळ्या वाजल्या. मागचा ढग खरंच सुंदर दिसत होता, गुलाबीवर पिवळा चढलेला, कडेला निळा विरत गेलेला. पुढे पाच माणसं, पाचही चेहरे लख्ख. कामगार जवळ येऊन आपापले चेहरे शोधू लागले.

"ह्याचा फोड बी आलाय बघ!" कुणीतरी ओरडलं. "फोड बी शिणेमात गेला!"

"तुजं तर पोट आलंय. तेवढं काढायचं सांगायचं की."

"काकू काय दिसतायत," नवी चेकिंगवाली मुलगी म्हणाली. "तरण्या वाटतायत."

हसणं जरा कमी झालं. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. काका शेवटी उभे होते, हातात तेलाचा फडका. लोकांनी वाट करून दिली.

ते फ्रेमपाशी आले. फडका खिशात कोंबला. हात शर्टला पुसले, पण फ्रेमला लावले नाहीत. खूप वेळ बघत राहिले. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा, काढला की नाही पिवळा?"

"व्हय," काका म्हणाले. "काढला."

मग आणखी जवळ गेले. त्यांचं नाक काचेला लागेल इतके.

"मालक," ते म्हणाले, "हिचा हितला दात..." त्यांनी स्वतःच्या ओठाची उजवी बाजू बोटाने वर केली. "हितला दात दुसऱ्या दातावर चढलेला हुता न्हवं? हसली की त्योच पयला दिसायचा."

मालक चष्मा सावरून बघू लागले. "असेल. मला नाही आठवत."

"लगीन झालं तवा आमची आई म्हणायची, पोरगी चांगली हाय, दात तेवढा आडवा हाय." ते परत चित्राकडे वळले. "हितं तर सरळ हाय."

"फोटोत नीट दिसतं," मालक समजुतीच्या आवाजात म्हणाले. "कॉम्प्युटरने पिवळा काढला, खालचं दिसलं. आपल्याला रोज बघून नीट दिसत नाही माणूस."

सरांनी लगेच मान हलवली. "हो ना, काका. कॅमेऱ्याला सगळं दिसतं."

 मी काकांच्या बाजूला तीन हातांवर होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या चेहऱ्याकडे इतकं थेट बघत होते. ते आठवायचा प्रयत्न करत होते. डोळे किंचित मिटायचे, मग उघडून चित्राकडे बघायचे, परत मिटायचे. आणि दर वेळी डोळे उघडताना त्यांची खात्री थोडी कमी होत होती. चित्रातली बाई ढळत नव्हती. ती दात एका रांगेत ठेवून हसत होती, ठळक, चार फूट उंच.

"तसं आसंल," ते शेवटी म्हणाले. स्वतःशीच. "मीच इसरलो आसंन. पाच-सा म्हयने झाले की. माणूस इसरतंय." मग लाजल्यासारखे हसले. "बावीस वरसं एका ताटात जेवलो, आन् दात इसरलो. काय म्हणायचं ह्याला?"

 नवी मुलगी कानावरचा खडू काढून हातात फिरवत होती.

मला त्या क्षणी तळव्यावरचा तो दाब आठवला. हात लावून बघ की. मी तीन दिवस ढग कुठे दाट आणि कुठे विरळ ठेवायचा ते शिकले होते. चार चेहरे नीट झाकून वाचवले होते. आणि ज्या एका चेहऱ्याचं या माणसाकडे काही उरलं नव्हतं, आठवणीशिवाय, त्या आठवणीवर मी एक दाट, सुंदर ढग नेऊन ठेवला होता. त्यांची पिवळी मूठ निदान अर्धा चेहरा तरी सोडून गेली होती.

सर माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून कागद काढला.  पिवळा पट्टा, एक डोळा, अर्धं हसू, आणि डाव्या टोकाला हवेतला तो हात. मी तो काकांपुढे धरला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय, ताई?"

घशाशी आलेलं वाक्य इंग्रजीत होतं. ते मी सोडून दिलं आणि जे सापडत गेलं ते बोलले, अडत अडत. शेडमध्ये इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"काका, तुम्ही विसरला नाहीत. तुम्हाला आठवतोय तोच दात खरा. पिवळ्याखाली काही सापडलं नाही, म्हणून तिथला चेहरा मी बनवला. या काकू नाहीत."